तीच ट्यूब परत नको ताई

(चोपड्याचं मेडिकल, ऑक्टोबरातली दुपार, कापूस वेचणीचे दिवस. काउंटरवर मी फार्मासिस्ट, समोर जवळच्या खेड्यातल्या एक ताई, वय पस्तीसच्या आसपास. रिकामी दाबलेली ट्यूब त्यांनी काचेवर ठेवली.)

ताई – भाऊ, हीच द्या. दोन द्या म्हणजे परत यायला नको.

मी – ताई तुम्ही मागे पण मलम नेलं होतं ना आपल्याकडून, ते साधं होतं, नुसतं बुरशीचं. ही ट्यूब आपली नाहीये.

ताई – हो ते लावेल होतं मी, पण त्याने काही फरक पडेना, मग शेजारणीने ही सांगितली, दुसऱ्या दुकानातून आणली. हिने ना एका रात्रीत खाज थांबते भाऊ. पण लावणं सोडलं की चार दिवसांत परत, आणि आता तर जास्तच.

मी – कुठे आहे? सगळं नका सांगू, जेवढं सांगता येईल तेवढं सांगा. या, या बाजूला या, तिकडे गिऱ्हाईक आहे.

ताई – कमरेला. परकराचा नाडा बांधतो ना, तिथून सुरू झालं. कापूस वेचताना वरून ओटी बांधतो, दिवसभर घाम. आता खाली जांघेत पण गेलंय.

मी – आधी गोल चट्टा होता का? कडेला लाल, मधे साफ?

ताई – हो गजकर्णच होतं ते, सगळे म्हणाले. आता गोल बिल काही राहिलं नाही, नुसतं काळपट लाल, पसरत चाललंय.

मी – आता हे बघा, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, क्लोबेटासॉल. हे स्टिरॉइड आहे, आणि साधंसुधं नाही, एकदम कडक. बुरशीचं औषध पण आहे यात, जंतूंचं पण आहे, सगळं एकाच ट्यूबमधे कोंबलंय. खाज थांबते ती या स्टिरॉइडमुळे. पण ते कातडीची लढायची ताकदच कमी करतं, म्हणजे वरून शांत वाटतं आणि खाली बुरशी आरामात पसरते. म्हणून तर तुमचा गोल चट्टा गेला आणि नुसता पसारा झाला, डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं मग.

ताई – पण आराम तर पडतो ना भाऊ. रात्री झोप लागते हो त्याने. खाजवून खाजवून रडायला येतं, पोरांसमोर हात पण लावता येत नाही.

(हे ऐकून वाईट वाटतंच. ही खाज ज्याला झाली त्यालाच कळते आणि बाईमाणसाला तर सांगायची पण चोरी.)

मी – मला कळतंय ताई, तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाहीये. पण हेच लावत राहिलात तर जांघेतली कातडी पातळ होईल, पांढरे ओरखडे पडतील बाळंतपणात पोटावर पडतात तसे, आणि ते मग जात नाहीत. आणि 2018 पासून अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियमच आहे. मी नाही देणार ही.

ताई – मग तेच आधीचं साधं द्या.

मी – ते दिलं असतं, एकच छोटा चट्टा असता आणि नवीन असता तर. तेव्हा किती दिवस लावलं होतं?

ताई – डाग गेला तोवर. आठवडाभर असेल.

मी – तिथेच घोळ होतो सगळ्यांचा. डाग दिसेनासा झाला तरी बुरशी असते, पुढे दोन आठवडे तरी लावायचं असतं, आणि डागाच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं. पण आता तुमचं मलमाच्या पुढे गेलंय. एवढ्या जागी पसरलं की पोटातून गोळ्या लागतात, आणि त्या कोणत्या, किती दिवस, हे स्किनच्या डॉक्टरनेच ठरवायचं. बरं मला सांगा, दिवस वगैरे गेलेले नाहीत ना? अंगावर पाजता का?

ताई – नाही नाही, पोरगी आठवीला आहे.

मी – शुगर कधी तपासली? तहान जास्त लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, असं काही?

ताई – उठते ना, दोन तीनदा. आईला शुगर होती माझ्या. (आवाज एकदम खाली) भाऊ, अजून एक आहे... आतून पण खाज येते, पांढरं जातं. तिथे पण हेच लावू का म्हणून विचारणार होते.

मी – अजिबात नाही. हे आत लावायचं नसतं. आणि पांढरं जाण्याचं कारण बुरशीच असेल असं नाही, वेगळी इन्फेक्शन पण असतात, त्यांची औषधं वेगळी. त्याला वास असेल, ओटीपोट दुखत असेल, ताप असेल तर थांबूच नका. बाईडॉक्टरला दाखवा, हे जसं मला सांगितलं तसंच सांगा. शुगर वाढलेली असली ना तर बाहेरची बुरशी पण हटत नाही आणि आतली पण, म्हणून शुगर आधी. उपकेंद्रात तिशीच्या वरच्यांची मोफत बघतात, आशाताईला विचारा, उद्या सकाळी उपाशीपोटी जा.

ताई – आणि स्किनचा डॉक्टर कुठे बघू? मजुरी बुडते हो.

मी – जळगावला सिव्हिलला जा, स्किनची ओपीडी असते, सकाळच्या एसटीने निघा. केसपेपर काढा. तिथे कातडी थोडी खरवडून मशीनखाली बघतात, दुखत नाही. म्हणून तोवर काहीच लावू नका, मलम लावलेलं असलं की बुरशी नीट दिसत नाही. ही ट्यूब बंद केल्यावर खाज काही दिवस जास्त वाटेल, आग पण होईल, घाबरून परत लावू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि जागा कोरडी करा. पू आला, सूज आली, ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि ही रिकामी ट्यूब टाकू नका, डॉक्टरला दाखवा.

ताई – घरात पण आहे हो. यांना आहे जांघेत, आणि जेठाच्या पोराला गालावर आलंय. त्याला पण हीच लावेल आहे मी थोडी.

मी – अहो चेहऱ्यावर? आजच बंद करा ते. त्या पोराला आणि भाऊंना पण सोबत न्या, नाहीतर तुम्ही गोळ्या खाणार आणि टॉवेलवरून परत तुमच्याच अंगावर येणार. टॉवेल सगळ्यांचा वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. घामेजलेला परकर घरी आल्या आल्या बदला आणि नाड्याची जागा रोज थोडी वर खाली करा.

ताई – हे म्हणतील एवढं काय, मलमच तर आहे.

मी – मग त्यांना माझ्याकडे पाठवा, मी बोलतो. आणि गोळ्या लिहून दिल्या की घेताना मला दाखवा, तुम्ही ॲसिडिटीची गोळी खाता ना अधूनमधून?

ताई – खाते, तुमच्याकडूनच नेते.

मी – हां, बुरशीच्या काही कॅप्सूल त्या गोळीसोबत नीट अंगी लागत नाहीत. डॉक्टरला पण सांगा. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी घरात कुणाची चालू असेल तर तेही सांगायचं.

ताई – यांची बीपीची आहे.

मी – मग ते पाकीट पण पिशवीत टाका. सोमवारी जमेल?

ताई – सोमवारी वेचणी आहे. मंगळवारी जाते, पोराची शाळा बुडवावी लागेल पण नेते.

मी – मंगळवारी नक्की. आज पैसे काही नाही, काहीच दिलेलं नाही.