इश्यू, इफ एनी

ज्ञानोबा आमच्याकडे कामाला लागला तो 2022 च्या जूनमध्ये. चाकणच्या एका कारखान्याला कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या कार्यालयात मी तेव्हा हजेरी, पगार आणि विम्याचे कागद पाहत असे. त्या दिवशी चौदा माणसे रुजू होणार होती, आणि त्या सगळ्यांना मी नेहमीप्रमाणे चार पानी इंग्रजी अर्ज दिला. हा अर्ज कोणी तयार केला हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत तो इतका फिका झाला होता की काही प्रश्न अंदाजाने वाचावे लागत. मला मात्र तो तोंडपाठ होता आणि तो वाचता येतो याचा थोडा अभिमानही होता.

दुसऱ्या पानावर विवाहित की अविवाहित या रकान्याच्या खाली एक ओळ होती: ‘इश्यू, इफ एनी’. जुन्या कायदेशीर इंग्रजीत इश्यू म्हणजे अपत्य. मुलेबाळे असल्यास त्यांची नावे लिहा, एवढाच त्या ओळीचा अर्थ होता.

ज्ञानोबा नववी शिकलेला होता. इंग्रजी अक्षरे त्याला लिहिता येत, आणि शब्द त्याने शाळेत नव्हे तर कामावर कानाने गोळा केले होते. कारखान्यात ‘इश्यू’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. प्रेस बंद पडली की मशीनला इश्यू असतो, माल परत आला की क्वालिटीचा इश्यू असतो, आणि स्टोअरमधून हातमोजे घ्यायचे तर त्याच्या चिठ्ठीलाही इश्यू स्लिपच म्हणतात. अपत्य या अर्थाने तो शब्द त्या आवारात कोणी उच्चारल्याचे मला तरी आठवत नाही. त्यामुळे ज्ञानोबाने त्या ओळीवर पेन टेकवून बराच वेळ विचार केला आणि मग ठळक अक्षरांत लिहिले, ‘नो’.

मी तो कागद समोर ठेवून संगणकावर माहिती भरली. पत्नी सुरेखा, अपत्य नाही. विवाहित माणसाला, वय बत्तीस, मूल नाही, याबद्दल माझ्या मनात क्षणभर हळहळही आली असावी, पण विचारावेसे काही वाटले नाही. खरे तर विचारायला अर्धे मिनिट पुरले असते. राज्य कामगार विम्यात कामगारावर अवलंबून असलेल्या कुटुंबालाही उपचार मिळतात, मात्र त्यासाठी त्यांची नावे नोंदलेली असावी लागतात. चौदा हजार पाचशे रुपये पगारातून दरमहा पाऊण टक्का, म्हणजे एकशे नऊ रुपये, ज्ञानोबाच्या नावावर कापले जाऊ लागले आणि त्याच्या कार्डावर दोनच नावे छापून आली. ते कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोलीतल्या देवाच्या तसबिरीमागे ठेवले होते, असे त्यानेच मला पुढे सांगितले.

तो मूळचा बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याचा. लग्न झाल्यापासून नवराबायको ऊसतोडीला जात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघायचे, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात कोपी घालायची आणि पट्टा पडेपर्यंत मोळ्या वाहायच्या, असे त्यांचे आठ हंगाम गेले होते. मुलगी गौरी शाळेच्या वयाची झाली तेव्हा त्याने कोयता सोडला. ‘पहिलं लेकरू कोपीतच गेलं, साहेब. हिला आता तिकडं न्यायची न्हाई, असं दोघांनी ठरवलं,’ हे त्याने मला एकदा गेटपासवर सही घेताना, जणू रजेचे कारण सांगावे तसे, सांगितले होते. तेव्हा मुलीचा उल्लेख माझ्या कानांवरून गेला होता. अर्जातल्या नोंदीशी त्याचा मेळ बसत नाही हे लक्षात येण्याइतका मी कामात जागा नव्हतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गौरीला ताप आला. खराबवाडीतल्या त्यांच्या खोलीमागे पावसाचे पाणी साचलेले असे आणि त्या चाळीत आधीच दोघांना डेंग्यू झाला होता. चौथ्या दिवशी पोर उठून बसेना, तेव्हा ज्ञानोबा तसबिरीमागचे कार्ड काढून तिला विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने क्रमांक टाकला, पडदा पाहिला आणि विचारले, ‘ही कोण?’

‘माझी मुलगी.’

‘तुम्हाला मुलगी नाही. इथं तसं लिहून दिलंय तुम्ही.’

ज्ञानोबा गडबडला, आणि त्याचे कारण त्या माणसाला कळणे शक्य नव्हते. मोळ्या वाहून वाहून ज्ञानोबाची कंबर कामातून गेली होती. ओझे उचलताना डाव्या पायात कळ उतरे. अर्जावर ‘इश्यू’ वाचल्यावर त्याला वाटले होते की प्रकृतीची काही तक्रार आहे का, असे विचारले आहे, आणि खरे लिहिले तर दारातूनच परत पाठवतील या भीतीने त्याने ‘नो’ लिहिले होते. ‘तुम्ही लिहून दिलंय’ हे शब्द कानांवर पडताच आपले कंबरेचे खोटे उघडकीला आले, अशी त्याची समजूत झाली. तो म्हणाला, ‘चूक झाली साहेब, नोकरी जाईल म्हणून लपवलं.’

सुरेखा शेजारीच, मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने एवढेच ऐकले की नवऱ्याने मुलगी नाही असे लिहून दिले आणि ते जाणूनबुजून लपवले.

त्यानंतरचे तास फार घाईत गेले. त्याने मला फोन केला तेव्हा मी रजेवर होतो आणि फोन घरात ठेवून लग्नाला गेलो होतो. नाव चढवायला जन्मदाखला आणि आधार लागणार होते. त्यातला दाखला गावी आईच्या ट्रंकेत होता. त्यांनी मुलीला खासगी रुग्णालयात नेले, तिथे वीस हजार अनामत मागितली, आणि संध्याकाळपर्यंत एवढे पैसे देऊ शकणारा एकच माणूस ज्ञानोबाच्या ओळखीत होता, तो म्हणजे मुकादम. मुकादमाने कसलीही चौकशी केली नाही. पन्नास हजार फोनवरून पाठवले आणि म्हणाला, ‘दसऱ्याला गाडी येईल.’

गौरी सहा दिवसांनी बरी होऊन घरी आली. बिल अडतीस हजारांचे झाले.

मी कामावर परतलो त्या दिवशी ज्ञानोबा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि पहिले वाक्य बोलला ते कंबरेविषयी. आपण अजून दोन माणसांचे काम करतो, तेवढ्यासाठी काढू नका, असे तो म्हणत होता. मी फाईल काढली, दुसरे पान उघडले आणि त्या ओळीचा अर्थ त्याला सांगितला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मग मराठीत मुलं का न्हाई लिहिलं त्यांनी?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हेही मला सांगता आले नसते. त्याच्या दृष्टीने ते ‘त्यांनी’ म्हणजे मीच होतो.

नाव चढवण्याचे काम दाखला आल्यावर दहा मिनिटांत झाले. पैशांचे तसे नव्हते. मी ठेकेदाराकडे शब्द टाकला. त्याने पगारातून कापून घेण्याच्या बोलीवर पंधरा हजार आगाऊ दिले आणि वर हेही ऐकवले की अर्ज नीट वाचून भरायची जबाबदारी कामगाराची असते. उरलेली उचल फेडायला कोणीतरी फडात जाणे भाग होते. ज्ञानोबाने नोकरी सोडली असती तर मुलीची शाळा, खोली आणि नुकतेच दुरुस्त झालेले कार्ड असे सगळेच गेले असते. म्हणून सुरेखा भावाच्या टोळीतून अर्धा कोयता म्हणून गेली. नवऱ्याचा अर्थ चुकला होता हे तिला पटले होते की नाही, मला माहीत नाही. जाण्याआधी ती एकदाच कार्यालयाच्या दारापर्यंत आली, आत न येता मला म्हणाली, ‘ते म्हणतात शब्द चुकला. तुम्ही शिकलेले, तुम्ही खरं सांगा.’ मी खरे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती निघून गेली.

मुलीला सांभाळायला धारूरहून ज्ञानोबाची आई आली. दिवाळीनंतर एका दुपारी ती नातीचा हात धरून कार्यालयात शिरली. नऊवारी लुगडे, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

‘तो कागद कुठाय? घरात लेकरू असताना न्हाई म्हणून लिवलेला?’

मी फाईल काढून पान दाखवले. तिला वाचता येत नव्हते, तरी ‘नो’ ही दोन अक्षरे कुठे आहेत हे तिने बोट ठेवायला लावून पाहून घेतले. असले अभद्र लिहिलेले घरात काय, दारातही ठेवू नये, त्यानेच पोरीला ताप आला, हा कागद मला द्या, मी चुलीत घालते, असे तिचे म्हणणे होते. मूळ अर्ज देणे मला शक्य नव्हते. मी आतल्या खोलीत जाऊन त्या पानाची झेरॉक्स काढली, तिच्यावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि ती तिच्या हातात दिली. तिने घडी करून पिशवीत ठेवली. मी फसवणूक करत होतो आणि त्या क्षणी मला त्याची लाज वाटली नाही.

‘आता माझ्यासमोर नीट लिवा.’

मी नवा अर्ज घेतला, इंग्रजी ओळ खोडून तिच्यावर मराठीत ‘मुले’ असे लिहिले आणि पुढे मोठ्याने उच्चारत लिहिले, ‘गौरी, वय 6.’ गौरीने टाचा उंचावून स्वतःचे नाव वाचले.

म्हातारी तिथेच उभी होती. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘आन् पहिलं?’

मला आधी कळले नाही.

‘तिच्या आधीचं. मुलगा व्हता. ते न्हाई लिवायचं का?’

असे रकान्यात लिहीत नाहीत, हे मला ठाऊक होते. तरीही पेन माझ्या हातातच राहिले आणि मी विचारले, ‘नाव काय होतं त्याचं?’

‘नाव कुठलं, नवव्या दिशी गेलं. बारसं व्हायचं व्हतं,’ ती म्हणाली, आणि नातीचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.