विषय: बुकिंग क्रमांक के-४४१७, केरळ सहल (२० ते २४ डिसेंबर २०२५): कबूल केलेले हॉटेल व गाडी न मिळाल्याबद्दल तक्रार आणि रु. २१,१०० परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दिनांक : २९ डिसेंबर २०२५

महोदय,

आमच्या कुटुंबातील पाच जणांसाठी आपल्याकडून कोची, मुन्नार, थेक्कडी व आलप्पुळा अशी सहल घेतली होती. विमानाची तिकिटे आम्हीच काढली होती. हॉटेले, हाउसबोट आणि सर्व प्रवासाची गाडी यांसाठी रु. ९२,५०० ही पूर्ण रक्कम ५ नोव्हेंबर रोजी आपल्या खात्यात जमा केली. पैसे भरण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींशी व्हॉट्सअ‍ॅपवर जे बोलणे झाले, त्यावर विसंबूनच आम्ही हे बुकिंग केले. म्हणून त्यातील वाक्ये खाली जशीच्या तशी देत आहे.

आधी हॉटेलबद्दल, कारण सर्वांत जास्त त्रास तिथे झाला.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ३ नोव्हेंबरला सायंकाळी ६.४२ वाजता मी लिहिले होते : "आईंना जिने चढता येत नाहीत. मुन्नारच्या हॉटेलला लिफ्ट नसेल तर आम्हाला ते हॉटेल नको, आत्ताच सांगा."

६.५० वाजता आपल्या प्रतिनिधींचे उत्तर आले : "मॅडम लिफ्ट आहे, मी स्वतः हॉटेलला फोन करून कन्फर्म केलंय. दोन्ही रूम व्हॅली व्ह्यू. अजिबात काळजी करू नका."

यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारला होता : "ऐनवेळी हॉटेल बदलणार नाही ना? सीझन आहे." त्यावर ७.०५ वाजता उत्तर : "नाही मॅडम, व्हाउचरवर जे नाव तेच हॉटेल. बदल झालाच तर आधी तुम्हाला विचारूनच."

२० डिसेंबरला सायंकाळी व्हाउचर घेऊन आम्ही त्या हॉटेलात पोहोचलो, तेव्हा आमच्या नावावर एकही खोली नव्हती. मुदतीत पैसे न आल्यामुळे १५ डिसेंबरलाच खोल्या सोडून दिल्याचे काउंटरवर सांगण्यात आले. हे खरे आहे की नाही, ते आपल्या नोंदींवरून आपण तपासू शकता आणि आम्हाला ते लेखी कळवावे. खरे असेल, तर बुकिंग रद्द झाल्यापासून आम्ही निघेपर्यंतच्या दिवसांत आपल्याकडून एकही फोन किंवा मेसेज आलेला नाही. उलट १८ डिसेंबरला त्याच हॉटेलचे व्हाउचर आम्हाला "फायनल" म्हणून पाठवण्यात आले.

नाताळच्या गर्दीत दुसरी सोय करणे आमच्या हाती नव्हते. दीड तास रिसेप्शनवर बसवून ठेवल्यावर आपल्या प्रतिनिधींनी आम्हाला आणाचलच्या बाजूच्या एका हॉटेलात पाठवले. तिथे लिफ्ट नाही. दोन्ही खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या, तळमजल्यावर एकही रिकामी नव्हती. सासूबाईंना दोघांनी धरून वर न्यावे लागले. २१ तारखेला त्या दिवसभर खोलीतच राहिल्या, कारण पुन्हा जिना उतरून चढण्याची त्यांची तयारी नव्हती. ज्यांच्यासाठी आम्ही हा प्रश्न आधी विचारला होता, त्यांनाच मुन्नार पाहता आले नाही. याचे आम्हा सर्वांना फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

२१ तारखेला फोनवर मला आपल्या अटींमधील "त्याच दर्जाचे दुसरे हॉटेल देण्याचा अधिकार" या कलमाचा हवाला देण्यात आला. ते कलम इथे लागू होत नाही. लिफ्ट ही आम्ही पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट घातलेली अट होती आणि आपल्या प्रतिनिधींनी ती लेखी मान्य केली होती. लिफ्ट नसलेले हॉटेल आमच्यासाठी त्याच दर्जाचे ठरू शकत नाही. शिवाय दरातही ते त्या दर्जाचे नाही : आपल्या कोटेशनमध्ये मुन्नारच्या दोन खोल्यांचे दोन रात्रींचे रु. २२,००० धरले आहेत, तर बदली हॉटेलच्या दरपत्रकानुसार तेवढ्याच वास्तव्याचे रु. ९,६०० होतात. दरपत्रकाचा फोटो जोडला आहे.

आता गाडीबद्दल. ४ नोव्हेंबरचा आपला मेसेज : "एअरपोर्ट पिकअप ते एअरपोर्ट ड्रॉप एकच इनोव्हा. टोल, पार्किंग, ड्रायव्हर बाटा सगळं इन्क्लुडेड. ड्रायव्हर लँडिंगच्या आधीच बाहेर बोर्ड घेऊन उभा असेल."

आमचे विमान सकाळी ११.१० ला कोचीला वेळेवर उतरले. बाहेर कोणीही नव्हते. माझे पहिले चार फोन उचलले गेले नाहीत. १२.३५ ला मेसेज आला : "गाडी येतेय मॅडम, १० मिनिटं." दुपारी १.२० पर्यंत गाडी आली नाही. मुन्नार तिथून सुमारे ११० किलोमीटर, त्यातला बराचसा घाटरस्ता; अंधार पडण्याआधी पोहोचायचे तर आणखी थांबणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही विमानतळावरून प्रीपेड टॅक्सी केली. पावती रु. ५,२००.

दुसऱ्या दिवशी आलेली गाडी ठीक होती, चालकही चांगला होता. परंतु २४ तारखेला आलप्पुळाला त्यांनी सांगितले की त्यांना फक्त आलप्पुळापर्यंतचेच काम दिले आहे आणि विमानतळापर्यंतचे रु. ३,५०० वेगळे द्यावे लागतील. आपल्या प्रतिनिधींचा फोन बंद होता. विमान चुकू नये म्हणून ती रक्कम आम्ही यूपीआयने दिली. यात चालकाचा दोष आहे असे आम्हाला वाटत नाही.

थेक्कडीचे हॉटेल आणि हाउसबोट यांबद्दल आमची तक्रार नाही. बोटीवर एसी फक्त रात्री चालेल हे आपण आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. मुन्नारबाबतही असेच खरे सांगितले असते, तर आम्ही वेगळा निर्णय घेतला असता.

"स्थानिक वेंडरचा प्रॉब्लेम" हे २६ तारखेचे आपले स्पष्टीकरण आम्हाला मान्य नाही. त्या वेंडरला आम्ही ओळखत नाही. पैसे आपण घेतले आणि शब्दही आपणच दिला. पुढील सहलीवर रु. ३,००० सूट देण्याचा प्रस्तावही आम्ही नाकारत आहोत.

आमची मागणी : मुन्नारच्या हॉटेल दरातील फरक रु. १२,४००, विमानतळ टॅक्सी रु. ५,२०० आणि परतीच्या प्रवासाचे रु. ३,५००, असे एकूण रु. २१,१०० परत करावेत. ज्या खात्यातून रक्कम भरली होती, त्याच खात्यात १३ जानेवारी २०२६ पर्यंत ती जमा व्हावी. मुन्नारचे बुकिंग कोणत्या तारखेला व का रद्द झाले आणि आम्हाला का कळवले नाही, याचा लेखी खुलासाही त्याच मुदतीत मिळावा.

तोपर्यंत समाधानकारक उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल आमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून दाद मागू. तिथे मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागितला जाईल. या ईमेलमध्ये आम्ही तो मागितलेला नाही.

सोबत : ३ नोव्हेंबर ते २६ डिसेंबरचे संपूर्ण चॅट (एक्स्पोर्ट केलेली फाइल व स्क्रीनशॉट), पैसे भरल्याची पावती, कोटेशन, १८ डिसेंबरचे व्हाउचर, टॅक्सीची पावती, यूपीआय व्यवहाराची नोंद, बदली हॉटेलचे दरपत्रक आणि जिन्याचे फोटो. मूळ चॅट फोनमध्ये जपून ठेवले आहे.

यापुढील संपर्क कृपया फक्त ईमेलवर करावा.

आपली,
मुख्य प्रवासी, बुकिंग क्रमांक के-४४१७
(नाव, पत्ता व बँक तपशील बुकिंग अर्जात दिल्याप्रमाणे)