केबिन क्रू पदासाठी अर्ज

माननीय निवड अधिकारी यांस,

केबिन क्रू पदासाठी मी हा अर्ज करत आहे. गेली 4 वर्षे मी हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर काम करते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. विमानातल्या कामाचा अनुभव नाही. म्हणून मी शांत आहे, सेवाभावी आहे असे नुसते न म्हणता घडलेले सांगते.

एका रात्री वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत 5 पाहुणे होते. जनरेटर सुरू झाला तरी लिफ्ट हलेना. तंत्रज्ञाला फोन केला, सहकाऱ्याला चौथ्या मजल्यावर पाठवले आणि इंटरकॉम मी सांभाळला. आतल्या एक बाई फार घाबरल्या होत्या, त्यांना धाप लागली होती. त्यांना खाली बसवले आणि मी आकडे मोजेन तसा सावकाश श्वास सोडायला सांगितले. ‘दोन मिनिटांत काढतो’ असे मी एकदाही म्हटले नाही, कारण किती वेळ लागेल ते मलाच ठाऊक नव्हते. तंत्रज्ञ निघाला, पोहोचला, वर गेला, जे खरे होते तेवढेच सांगत राहिले. सांगण्यासारखे काही नसले तरी ‘मी इथेच आहे’ एवढे तरी. दार उघडायला 35 मिनिटे लागली.

त्यातल्या एका आजोबांना फक्त तमिळ येत होते. आमच्या स्वयंपाकघरातला एक जण त्यांच्याशी बोलला तेव्हा कुठे ते सावरले. मला ते फार लागले. पुढच्याच महिन्यात मी तमिळचा वर्ग लावला. आज वर्षभरानंतर कुठे दुखते, कोणते औषध चालू आहे, पट्टा कसा बांधायचा एवढे विचारता-सांगता येते. वाचन अजून अडखळते. मराठी मातृभाषा, हिंदी आणि इंग्रजी रोजच्या कामातल्या.

सेवेबद्दल एवढेच, की नाही म्हणण्याची वेळही येते. लग्नाच्या एका गटाने आपत्कालीन जिन्यात बॅगा रचल्या होत्या आणि हलवायला ते तयार नव्हते. मी कारण सांगितले, सुरक्षित जागा दाखवली आणि पहिली बॅग स्वतः उचलली. मग बाकीच्या त्यांनीच नेल्या. विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्मीच दारे वापरून सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते, असे वाचले तेव्हा मला तोच जिना आठवला. दाराजवळच्या प्रवाशाला बॅग वर ठेवायला सांगताना मी संकोचणार नाही, आणि आवाजही चढवणार नाही.

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे. पोहता येते. पासपोर्ट वैध आहे. सध्याच्या नोकरीत 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. मुलाखतीत तिन्ही भाषांतली उद्घोषणा वाचून दाखवायला मी तयार आहे. तमिळमध्ये बोलायला सांगितलेत तर तेही आनंदाने करेन.

आपली नम्र,
अर्जदार