हॅलो मॅडम

दसरा झाला की शिरूर कासारकडची गावं निम्मी रिकामी होतात. ओंकारचे आई-वडीलही मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेले. सातवीतला ओंकार आजीजवळ राहिला, आणि आईचा फोन यावा म्हणून घरात एक मोबाईल.

त्याच मोबाईलवरून तो रोज संध्याकाळी अंबाजोगाईच्या बाईंना मेसेज करायचा. बाई जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला होता. "रोज एक ओळ पाठव," एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

"हॅलो मॅडम. हाऊ आर यू? आय अ‍ॅम फाईन."

दिवाळी गेली तरी रोज हेच. दुसरं कुणी कंटाळलं असतं. बाई मात्र दरवेळी नवा प्रश्न विचारायच्या. आज काय खाल्लं? शेळी व्याली का?

"आय इट भाकरी," तो लिही.

"आय ऑल्सो एट भाकरी," बाई लिहीत.

चूक दाखवायची नाही, बरोबर वाक्य त्याच्यासमोर ठेवायचं. शिकवणं खरं तर असंच असावं, पण वर्गात चाळीस पोरं असली की एवढी सवड कुणाला मिळते? हळूहळू ओंकारच्या ओळी वाढल्या. एकदा त्याने आपणहून लिहिलं, "मदर कट शुगरकेन. शी कम होम आफ्टर पाडवा." त्या दिवशी बाईंनी व्याकरणाला हातच लावला नाही. आई फोनवर काय म्हणाली, तेवढं विचारलं.

माघात एका संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओंकारने दोनदा नेटवर्क तपासलं, मग आजीच्या बाजेवर बसून लिहायला घेतलं.

"मॅडम, व्हाय यू नॉट रिप्लाय? आर यू इल? डिड यू ईट?"

आजवर प्रश्न बाईंचे असत. हे तीन त्याचे होते.

सकाळी उत्तर आलं. बाईंचा गुडघा सुजला होता, अंथरुणातून उठवत नव्हतं. त्याने आजीला वाचून दाखवलं.

"आंबेहळद उगाळून लेप लाव म्हनावं," आजी म्हणाली. "कोमट करून."

ओंकार लिहू लागला. हळदीला टर्मरिक म्हणतात हे पुस्तकात होतं, पण आंबेहळदीचं काय? त्याने तसंच 'आंबेहळद' लिहिलं. उगाळण्याला 'रब ऑन स्टोन विथ वॉटर' केलं. खाली बाईंचा प्रश्न येऊन थांबला होता: हाऊ मेनी टाईम्स अ डे?

शाळेची घंटा वाजली. दप्तर खांद्याला, अंगठा मोबाईलवर.

"आजे, लवकर सांग, दिवसातून किती बारी लावायचा?"