भाजी कुठून घ्यायची हे लोक कशावरून ठरवतात: फॅक्टर ॲनालिसिसचा अर्थ

कोथरूड, कर्वेनगर आणि सदाशिव पेठेतल्या 216 घरांकडून आम्ही 12 विधानांवर 1 ते 5 असे गुण घेतले. 12 विधानं वेगवेगळी वाचली तर डोकं चक्रावतं, म्हणून त्यांच्यामागे मुळात किती गोष्टी आहेत ते शोधायला फॅक्टर ॲनालिसिस केलं. डेटा त्यासाठी चालण्यासारखा होता, केएमओ 0.81 आला आणि बार्टलेट टेस्टही सिग्निफिकंट आली.

पहिल्यांदा 4 फॅक्टर निघाले, पण चौथ्याची आयगेन व्हॅल्यू, म्हणजे तो फॅक्टर किती विधानांइतका फरक समजावतो तो आकडा, जेमतेम 1.03, आणि त्यात 'भाव सगळीकडे सारखेच असतात' हे एकच विधान. एका विधानाचा फॅक्टर धरण्यात अर्थ नाही, आयगेन व्हॅल्यूंचा आलेख, म्हणजे स्क्री प्लॉटही तिसऱ्यानंतर सपाट झाला होता, शिवाय या विधानाची कम्युनॅलिटी फक्त 0.19, म्हणजे बाकीच्यांशी त्याचं फारसं नातंच नाही. ते काढून उरलेल्या 11 वर परत केलं, तेव्हा आयगेन व्हॅल्यू 3.74, 1.98 आणि 1.43 आल्या, तिन्ही मिळून सुरुवातीचा 65 टक्के व्हेरिअन्स, म्हणजे उत्तरांमधला फरक.

पहिला फॅक्टर सोय. घरपोच मिळणं, रात्री उशिरा ऑर्डर करता येणं, निवडलेली भाजी, पार्किंगची कटकट नाही, चारही लोडिंग, म्हणजे विधानाचं फॅक्टरशी नातं किती घट्ट ते सांगणारे आकडे, 0.60 च्या वर, इथे फार बोलण्यासारखं नाही.

दुसरा जास्त इंटरेस्टिंग आहे. 'भाजीवाला ओळखीचा आहे' 0.78, 'कोथिंबीर वरून मिळते' 0.71, आणि 'भाजीवाला बदलला तरी मला फरक पडत नाही' उणे 0.63, हे विधान उलट असल्यामुळे चिन्ह उणे आलंय, अर्थ मात्र त्याच दिशेचा. याच्यातच 'घासाघीस करता येते' 0.49 ने येऊन बसलं. आम्ही ते पैशांचं विधान म्हणून घातलं होतं, पण आकडे बघता ते कोथिंबिरीच्या जुडीसोबत जातं, म्हणजे लोकांसाठी घासाघीस हा दोन रुपये वाचवण्यापेक्षा ओळखीचा भाग असावा असं आम्हाला वाटतं. म्हणून या फॅक्टरला 'स्वस्ताई' न म्हणता 'ओळख' म्हटलंय.

तिसरा पारख: हाताळून बघणं, आपण स्वतः निवडणं, आजची ताजी आहे का ते विचारणं. यातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबाख अल्फा 0.62 च आहे, तीनच विधानं आहेत, त्यामुळे याच्यावर जरा सांभाळूनच बोलायला हवं.

फॅक्टर वाचायला सोपे व्हावेत म्हणून जे रोटेशन करतात, ते आम्ही व्हेरिमॅक्सऐवजी ऑब्लिमिन घेतलं, कारण व्हेरिमॅक्स फॅक्टर एकमेकांशी संबंधित नाहीत असं धरून चालतं, आणि मंडईत ज्याची ओळख असते तो पारखूनही घेतो हे उघडच आहे. ओळख आणि पारख यांचं कोरिलेशन 0.38 निघालं, सोय आणि ओळख यांचं उणे 0.21. नावं आम्ही दिलीत, सॉफ्टवेअरने नाही, आणि सॅम्पल ओळखीपाळखीतून घेतलेलं असल्यामुळे हे तीन फॅक्टर हडपसरला किंवा पिंपरीला असेच निघतील असा दावा आम्ही करत नाही.