बायोडेटा : डेटा एन्ट्री ऑपरेटर (मराठी + इंग्रजी)

स्नेहल नामदेव शिंदे
राहणार जुळे सोलापूर, मूळ गाव बार्शी तालुक्यात
वय २७
संपर्क : हा बायोडेटा ज्या नंबरवरून आलाय त्याच नंबरवर कॉल किंवा व्हॉट्सअ‍ॅप, संध्याकाळी ६ नंतर लगेच उचलते, दिवसा ड्युटीवर असते म्हणून मेसेज टाकून ठेवा

कशासाठी अर्ज : हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधले जुने केसपेपर कॉम्प्युटरवर घेण्याचं काम आणि सोबत रोजची ओपीडी एन्ट्री

थोडक्यात

सहा वर्षं एन्ट्रीचंच काम करतेय. आधी मार्केट यार्डात आडतीच्या पट्ट्या, मग जुन्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांचं डिजिटायझेशन, आणि आता पॅथॉलॉजी लॅबला पेशंट रजिस्ट्रेशन. मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या की स्पीड सगळेच पन्नास लिहितात, म्हणून खाली प्रत्येक आकडा कुठल्या कामातला आणि कसा मोजलेला ते पण लिहिलंय, त्यामुळे बायोडेटा जरा लांबलाय.

टायपिंग स्पीड

इंग्रजी : ४६ शब्द प्रति मिनिट, चुका वजा करून. दहा मिनिटांच्या पॅसेजवरचा आहे, एका मिनिटाच्या ऑनलाइन टेस्टचा नाही, त्यात माझा पण साठच्या वर जातो पण त्याला काही अर्थ नसतो.

मराठी युनिकोड : ३६ शब्द प्रति मिनिट, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. टायपिंग क्लासला रेमिंग्टन शिकले होते, ते पण येतं, पण रोजचा हात इनस्क्रिप्टवर बसलाय.

नुसते आकडे, उजव्या हाताच्या नमपॅडवर : तासाला साधारण १०,५०० की. सरकारी भरतीत डेटा एन्ट्रीला ८,००० की मागतात त्या हिशोबाने बघितलं तर अंदाज येईल.

हे सगळे छापील कागद समोर असतानाचे आकडे आहेत. हाताने लिहिलेलं, त्यात डॉक्टरांचं अक्षर, असा केसपेपर असेल तर टायपिंगपेक्षा वाचण्यात वेळ जातो आणि तिथे कोणाचाच स्पीड तीसच्या वर राहत नाही, माझाही नाही. तुमच्या कामाचा टार्गेट ठरवताना हे धरा.

अचूकता

रजिस्टरच्या कामात रोज क्यूसी व्हायची, प्रत्येक ऑपरेटरच्या दहा टक्के नोंदी दुसरा माणूस मूळ पानाशी लावून बघायचा. त्यात माझ्या दर हजार फील्डला तीन ते चार चुका निघायच्या, म्हणजे ९९.६ च्या थोडं वर. पण हा आकडा फील्डचा आहे हे मुद्दाम सांगते, कारण एका नोंदीत १४ फील्ड होते, म्हणजे १०० नोंदी घेतल्या तर पाचेक नोंदींत कुठेतरी एक तरी चूक असायचीच. ‘९९ टक्के अ‍ॅक्युरसी’ वाचून बरं वाटतं पण फील्डची की नोंदीची हे विचारल्याशिवाय ते खरं कळत नाही. तपासणीच्या दहा टक्क्यांत आलेल्या चुका तेवढ्या दुरुस्त व्हायच्या.

चुका कुठे होतात ते आता माहीत झालंय : ३१ आणि १३ असे उलटे आकडे, वडिलांचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, आणि अर्धवट पुसलेला महिना. म्हणून तारीख आणि रजिस्टर नंबर हे दोन कॉलम मी पान संपलं की पुन्हा एकदा खालून वर वाचते. लॅबमध्ये मोबाईल नंबर पेशंटला म्हणून दाखवल्याशिवाय सेव्ह करत नाही, रिपोर्ट दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर काय होतं ते सांगायला नको.

वाचता आलं नाही तर अंदाजाने भरत नाही. ‘अवाच्य’ असा शेरा टाकून पान नंबरसकट वेगळ्या शीटमध्ये ठेवते आणि दिवसाच्या शेवटी सुपरवायझरला देते.

काम आणि किती नोंदी

पॅथॉलॉजी लॅब, सोलापूर. फेब्रुवारी २०२४ पासून आत्तापर्यंत

लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंट रजिस्ट्रेशन, टेस्ट निवडणं, बारकोड काढून सॅम्पलच्या ट्यूबला लावणं, बिल, रेफर करणाऱ्या डॉक्टरांची महिन्याची यादी. रोज सरासरी १३० पेशंट, सोमवारी आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा सीझन असला की १८० च्या पुढे. ऑगस्ट २०२५ अखेर ६० हजारांच्या पुढे रजिस्ट्रेशन झालेत माझ्या लॉगिनला. सकाळी ७ ते १० उपाशीपोटीवाल्यांची रांग असते, त्या वेळी एका पेशंटला दीड मिनिटाच्या वर देता येत नाही आणि तरी नाव-वय-लिंग चुकून चालत नाही, कारण बऱ्याच टेस्टच्या नॉर्मल रेंज वय आणि लिंगावर ठरतात. सीबीसी, एलएफटी, आरएफटी, लिपिड, थायरॉइड, एचबीए१सी ही नावं आणि त्यांचे शॉर्टकोड तोंडपाठ आहेत, तुमच्याकडे हे शिकवावं लागणार नाही.

रजिस्टर डिजिटायझेशन, कॉन्ट्रॅक्टरकडे, सोलापूर. जुलै २०२१ ते डिसेंबर २०२३

माझ्या मते तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं हेच. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं आणि काही गावांची कोतवाल बुकं स्कॅन होऊन यायची, डावीकडे इमेज आणि उजवीकडे फॉर्म, १४ फील्ड, सगळं मराठी युनिकोडमध्ये. टार्गेट २०० नोंदींचं होतं, माझ्या २२० पर्यंत व्हायच्या, स्वच्छ अक्षराचं रजिस्टर मिळालं तर २६० पण झाल्यात आणि वाळवी लागलेलं आलं तर ९० वर दिवस संपलाय. पहिले २२ महिने एन्ट्री केली, एकूण १ लाख १५ हजारांच्या आसपास नोंदी. शेवटचे आठ महिने चार ऑपरेटरची क्यूसी माझ्याकडे होती, रोज ८५-९० नोंदी मूळ इमेजशी लावून बघायच्या आणि चुकांचा तक्ता काढायचा.

मोडी वाचता येत नाही. मोडीतली पानं वेगळी काढून जाणकाराकडे जायची, तो बोलायचा आणि मी टाईप करायचे.

ह्या कामात तीन गोष्टी पक्क्या झाल्या ज्या केसपेपरला पण लागतील. एक म्हणजे १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून घेतच नाही, ती टेक्स्टच राहते, म्हणून जुन्या नोंदीत दिवस, महिना, वर्ष वेगळ्या कॉलमात घ्यायचे. (तुमच्याकडे एवढे जुने पेपर नसतील पण पेशंटच्या जन्मतारखेला दिवस-महिना उलटा पडण्याचा त्रास ह्यानेच जातो.) दुसरं, ‘बऱ्हाणपुरे’ ‘कऱ्हाडे’ ह्यातला ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतीने टाईप होतो, स्क्रीनवर सारखाच दिसतो पण सर्च केलं की एक सापडतो आणि दुसरा नाही, त्यामुळे सगळ्या ऑपरेटरनी एकच पद्धत ठरवली नाही तर अर्धे पेशंट ‘रेकॉर्ड नाही’ म्हणून परत जातात. तिसरं, डुप्लिकेट. नाव, गाव आणि तारीख तिन्ही जुळली तर खूण करायला मी हा साधा फॉर्म्युला लावते :

```
=IF(COUNTIFS(B:B,B2&"",C:C,C2,D:D,D2)>1,"तपासा","")
```

खूण आली म्हणून उडवायचं नाही, जुळी मुलं असतात, बाळाचं नाव ठेवलेलं नसतं तेव्हा दोन्ही नोंदी हुबेहूब दिसतात.

आडत दुकान, बार्शी मार्केट यार्ड. जून २०१९ ते मार्च २०२१

शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, कपात आणि हातात पडणारी रक्कम अशी हिशोबपट्टी. सोयाबीन आणि तुरीच्या सीझनला दिवसाला २५० ते ३०० पट्ट्या, एरवी ४०-६०. संध्याकाळी टॅलीत व्हाउचर मारून रोकड जुळवूनच घरी जायचं, एक रुपया जरी कमी-जास्त आला तरी शेठ उठू द्यायचे नाहीत. नमपॅडचा हात इथे बसला. कोरोनात अधेमधे बंद होतं.

सॉफ्टवेअर

एक्सेल : रोज वापरते. VLOOKUP, COUNTIFS, TRIM, डेटा व्हॅलिडेशन, पिव्हट, कंडिशनल फॉरमॅटिंग, टेक्स्ट टू कॉलम्स. मोबाईल आणि केस नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून मगच भरायला घेते, नाहीतर पुढचा शून्य जातो. मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, स्वतः कोड लिहिता येत नाही.

गूगल शीट्स आणि फॉर्म्स, वर्ड (मेल मर्जसकट), टॅली प्राईम (व्हाउचर एन्ट्री आणि लेजर, जीएसटी रिटर्न मी भरलेलं नाही).

मराठीसाठी युनिकोड इनस्क्रिप्ट, श्रीलिपी, आयएसएम. जुन्या श्रीलिपी फाइली युनिकोडला कन्व्हर्ट करून त्यातले फुटलेले जोडाक्षर हाताने दुरुस्त केलेत.

लॅबचं रजिस्ट्रेशन सॉफ्टवेअर, बारकोड प्रिंटर, एडीएफ स्कॅनर (३०० डीपीआय, पीडीएफला केस नंबरचं नाव देऊन सेव्ह). हॉस्पिटलचं एचएमआयएस वापरलेलं नाही, पण लॅबचं नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा आठवड्यात हात बसला होता आणि मग काउंटरच्या दोघींना मीच दाखवलं.

शिक्षण

बी.कॉम., २०१९, सोलापूर विद्यापीठ, सेकंड क्लास
बारावी कॉमर्स, २०१६
एमएस-सीआयटी, २०१६
जीसीसी-टीबीसी : मराठी ३०, इंग्रजी ३० आणि इंग्रजी ४०, तिन्ही पास, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची सर्टिफिकेटं सोबत आहेत

बाकी

पेशंटची माहिती आहे म्हणून : कामाच्या स्क्रीनचा फोटो काढत नाही, पेनड्राइव्ह लावत नाही, लॉगिन दुसऱ्याला देत नाही. क्यूसी करताना हेच नियम होते, सवय आहे.

सध्याचा पगार १४,५०० हातात. अपेक्षा १८,०००. नोंदीमागे पैसे देणार असाल तर आधी शंभर केसपेपर चाळून बघू द्या, मग रेट बोलू, कारण चार पानांचा पेपर आणि चाळीस पानांची आयसीयूची फाइल एका रेटात बसत नाही.

जॉइन व्हायला एक महिना लागेल, लॅबला तेवढी नोटीस द्यावी लागते. सकाळची किंवा दुपारची कुठलीही शिफ्ट चालेल, नाइट नको. स्वतःची स्कूटी आहे.

तिन्ही ठिकाणची कामाची पत्रं जोडलीत, नावं आणि फोन त्यावर आहेत, लॅबमध्ये मात्र माझं फायनल होईपर्यंत फोन करू नका प्लीज.

टेस्ट घेणार असाल तर रविवारी कधीही, इतर दिवशी दुपारी ४ नंतर येऊ शकते. मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट चालू करून ठेवा, आणि जमलं तर छापील पॅसेजऐवजी तुमचे खरे दहा जुने केसपेपर द्या, नाव झाकून.