सांडपाण्यातली उष्णता परत: आमच्या रंगखात्याचा २०२५ चा हिशेब

छायाचित्रात डावीकडे, चकचकीत पत्र्याचं आवरण चढवलेली दोन लांब आडवी नळकांडी दिसतात, तो आमचा हीट एक्स्चेंजर. मागे अर्धी झाकली गेलेली चौकट म्हणजे लिंट, कापडाचे सुटे तंतू, पकडणारी फिरती जाळी. गरम पाणी साठवणारा ३० घनमीटरचा खड्डा जमिनीखाली आहे, त्यामुळे तो फोटोत नाही. ही जोडणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. २०२५ हे ती वर्षभर चाललेलं पहिलं वर्ष आहे, म्हणून आकडे आता देत आहोत.

मुख्य आकडा हा: एक किलो सुती होजिअरी कापड रंगवून, धुऊन, सुकवून बाहेर काढायला २०२३ मध्ये आम्ही ९.१ किलोवॅट-तास इतका नैसर्गिक वायू जाळत होतो. २०२५ मध्ये ८.४५ जाळला. घट ७ टक्के.

ही घट कशी झाली ते नीट सांगतो, कारण गंमत सगळी तिथेच आहे. सुती कापडाचं ब्लीचिंग ९५ अंशांच्या आसपास चालतं. रंग बसल्यावर धाग्याला न चिकटलेला रंग काढण्यासाठी साबणाची धुलाईही जवळपास तितक्याच गरम पाण्यात होते. काम झालं की हे पाणी मशीनमधून सोडून द्यायचं, आणि पुढच्या घाण्यासाठी २७ अंशांचं ताजं पाणी पुन्हा वाफेवर तापवायचं. म्हणजे बॉयलरने दिलेली उष्णता काही मिनिटांत गटारात. आता प्रत्येक मशीनच्या तळाशी दोन वाटांचा व्हॉल्व्ह आहे. सुटणारं पाणी ५५ अंशांच्या वर असेल तर ते गरम खड्ड्यात जातं, खाली असेल तर नेहमीच्या नाल्यात. हे वेगळं करणं हाच या कामाचा कणा आहे. गरम आणि गार पाणी एकदा एकत्र झालं की उष्णता तेवढीच राहते, पण कोमट पाण्याकडून ताजं पाणी फारसं तापवून घेता येत नाही.

खड्ड्यातलं पाणी जाळीतून गाळून नळकांड्यांत एका दिशेने वाहतं, ताजं पाणी उलट दिशेने. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, मध्ये स्टीलची भिंत असते. कामाच्या दिवसाची २०२५ ची सरासरी अशी: १८० घनमीटर सांडपाणी ७० अंशांना आत येतं आणि ४३ अंशांना बाहेर पडतं, तर १८० घनमीटर ताजं पाणी २७ अंशांवरून ५३ अंशांवर जातं. एक घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ किलोवॅट-तास उष्णता लागते. गुणाकार केलात तर दिवसाला सुमारे ५,४४० किलोवॅट-तास उष्णता परत मिळते. आमच्या बॉयलरची मोजलेली कार्यक्षमता ८४ टक्के आहे, त्यामुळे तेवढ्या उष्णतेसाठी सुमारे ६,४८० किलोवॅट-तास वायू जाळावा लागला असता.

मूळ रंगाचं पाणी मात्र आम्ही या खड्ड्यात घेत नाही. ते ६० अंशांचं असतं, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने घ्यायला हरकत नव्हती. पण रिअॅक्टिव्ह रंग धाग्यात उतरावा म्हणून त्यात लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ असतं, आणि गरम खारं पाणी स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रं पाडतं. तेवढी उष्णता सोडून देण्याचा निर्णय विचार करून घेतला आहे. दोन-तीन वर्षांत नळ्या बदलाव्या लागल्या असत्या, तर त्यांच्या पोलादाचा हिशेबही इथेच मांडावा लागला असता.

आता उत्सर्जन. नैसर्गिक वायू जळताना किलोवॅट-तासामागे ०.२०२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या गिगाज्यूलला ५६.१ किलो या घटकावरून हा आकडा येतो. तापमान आणि प्रवाहाच्या नोंदींवरून हिशेब केला तर ३०४ कामाच्या दिवसांत ३९८ टन वाचले असं दिसतं. गॅस मीटरवरून केला तर ३६९ टन. फरक का पडतो? एक्स्चेंजरने तापवलेलं सगळं पाणी लगेच वापरलं जात नाही. टाकीत उभं राहिलं की ते थोडं निवतं. शिवाय गडद रंगांचे घाणे वाढले की धुलाया वाढतात आणि वाफही. आम्ही ३६९ हाच आकडा धरतो, कारण बिल त्याच मीटरवर येतं आणि वाटेतली सगळी गळती त्यात आपोआप धरली जाते.

त्यातून अजून एक वजावट आहे. नवे पंप आणि जाळीची मोटर मिळून वर्षाला ४५,६०० युनिट वीज खातात. वीज पुरवठादाराने कळवलेल्या युनिटमागे ०.७ किलो या घटकाने त्याचे ३२ टन होतात. निव्वळ बचत ३३७ टन. कुठेही आमचा एकच आकडा छापायचा असेल तर हा छापा.

याहून मोठा आकडा आमच्याकडे आहे आणि तो आम्ही वापरणार नाही. २०२३ मध्ये वायू जाळून आमचं उत्सर्जन ५,४०४ टन होतं, २०२५ मध्ये ४,७९६ टन. म्हणजे ६०८ टनांची, ११ टक्क्यांची घट. दोन्ही आकडे खरे आहेत, वजाबाकीही खरी आहे. पण २०२३ मध्ये आम्ही २,९४० टन कापड रंगवलं होतं आणि २०२५ मध्ये २,८१० टन. ऑर्डर कमी आल्या, कापड कमी रंगलं, म्हणून २३९ टन कमी बाहेर पडले. त्यात आमचं काहीही कर्तृत्व नाही. ऑर्डर परत आल्या की ते परत येतील. वर्षाच्या एकूण आकड्यातली घट कुणी दाखवली तर पहिला प्रश्न उत्पादनाचा विचारावा असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि तो आम्हालाही विचारावा. किलोमागचा आकडा म्हणूनच सुरुवातीला दिला.

चौकटही सांगायला हवी. ४,७९६ टन वायूचे आणि विकत घेतलेल्या विजेचे २,१६४ टन मिळून २०२५ चं आमचं उत्सर्जन ६,९६० टन आहे. हिशेबाच्या भाषेत वायूचे ते स्कोप १ आणि विजेचे ते स्कोप २. कापूस पिकवणं, सूत कातणं, विणणं, रंग आणि रसायनं तयार करणं, मालाची ने-आण, घरी होणारी कपड्यांची धुलाई, यातलं काहीही या आकड्यांत नाही. वायू काढताना आणि वाहून आणताना होणारी मिथेनची गळतीही नाही, वरचा घटक फक्त ज्वलनाचा आहे. मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास तीसपट उष्णता अडवतो, त्यामुळे ही उणीव क्षुल्लक समजू नये. कार्बन क्रेडिट आम्ही विकत घेतलेले नाहीत आणि या बेरजेतून झाडांच्या नावाने काही वजा केलेलं नाही.

या यंत्राने पाणी वाचत नाही. किलोमागे ७२ लिटर लागत होतं, आजही तेवढंच लागतं. सांडपाण्यातलं मीठ, रंग आणि रसायनं यांतही फरक नाही. ते पाणी आधीसारखंच आमच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे फक्त ते आता कमी गरम पोहोचतं, आणि याचा उपयोग होईल अशी आमची अपेक्षा आहे, कारण सांडपाणी पचवणारे जिवाणू ४० अंशांच्या पुढे मंदावतात. पण केंद्रातल्या नोंदींत हा परिणाम रंगांच्या बदलापासून वेगळा काढता येईल इतकं मोजमाप अजून जमा झालेलं नाही, म्हणून त्याचा दावा करत नाही. खात्यातली जमीन कोरडी राहते, उघड्या चरातून येणारी वाफ बंद झाली, हे तिथे काम करणारी माणसं रोज सांगतात. त्यांचं म्हणणं आम्हाला आकड्याइतकंच मोलाचं वाटतं, पण ते आकड्यांच्या रांगेत बसवणार नाही.

आणि हे चालतं त्या माणसांमुळे. लिंट ही या यंत्राची खरी शत्रू आहे. होजिअरी कापडातून सुटणारा बारीक तंतू नळ्यांत बसला की उष्णता पलीकडे जाईनाशी होते. ताज्या पाण्याचं तापमान ५० च्या खाली उतरलं की पाळीतला ऑपरेटर प्रवाह उलटा फिरवून नळ्या धुतो आणि वहीत नोंद करतो. रात्रपाळीत ही नोंद एकदाही राहिलेली नाही. व्हॉल्व्ह ५५ अंशांवर उघडावा ही सूचनाही रंगखात्यातल्या फिटरांचीच. आराखड्यात ६५ होतं, आणि तसं ठेवलं असतं तर शेवटच्या धुलाईचं बरंचसं पाणी वाया गेलं असतं.

हिशेब कुणी तपासला? गॅसचं मीटर पुरवठादाराचं आहे आणि बिलं त्यावरच येतात. तापमापक आणि प्रवाहमापक बाहेरच्या प्रयोगशाळेकडून प्रमाणित करून घेतले आहेत. उत्सर्जनाचा गुणाकार आमचा स्वतःचा आहे, तो त्रयस्थ तपासनिसाने पाहिलेला नाही. २०२६ च्या आकड्यांसोबत तशी तपासणी करून घेण्याचं ठरलं आहे, आणि अहवाल जसा येईल तसा इथेच ठेवू.

आमच्याकडून कापड घेणाऱ्या ब्रँडना एक विनंती. या पोस्टच्या आधारे कपड्याच्या लेबलवर ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ किंवा ‘शाश्वत’ असं लिहू नका. स्वतःच्या मालाबद्दल केल्या जाणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४०२१ अशा मोघम शब्दांना मनाई करतं, आणि शाश्वतता साधली असा दावा तर करूच नये असं सांगतं. त्यातही आमचं काम तुमच्या कपड्याच्या प्रवासातला एकच टप्पा आहे. लिहायचंच असेल तर हे वाक्य जसंच्या तसं वापरा: ‘या कापडाच्या रंगाईत, गरम सांडपाण्यातली उष्णता परत वापरल्यामुळे, २०२३ च्या तुलनेत २०२५ मध्ये किलोमागे ७ टक्के कमी नैसर्गिक वायू जाळला गेला, पाण्याचा वापर बदललेला नाही.’ शेवटचा भाग गाळू नका. जागा कमी पडली तर पूर्ण वाक्यच सोडून द्या.

महिनावार गॅस मीटरची नोंद, उत्पादन आणि चार तापमानांची सरासरी यांचा तक्ता पुढच्या छायाचित्रांत आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये किलोमागचा वापर वर गेलेला दिसेल. त्या काळात फिकट रंगांचे छोटे घाणे जास्त होते आणि मशीन अर्धवट भरून चालवावी लागली. तुमचं स्वतःचं रंगखातं असेल आणि नळ्यांचा व्यास, जाळीची घनता किंवा व्हॉल्व्हची मांडणी जाणून घ्यायची असेल तर खाली विचारा. आराखडा द्यायला आमची हरकत नाही, आणि उत्तर हे यंत्र चालवणारी माणसंच देतील.